प्रश्न सोमवारी पडला तर उत्तर गुरुवारी मिळणार

पत्र

नमस्कार. मी पुण्यातल्या एका लहान सॉफ्टवेअर कंपनीत स्क्रम मास्टर आहे. टीम सात जणांची, स्प्रिंट म्हणजे कामाची एक फेरी दोन आठवड्यांची. दर दुसऱ्या सोमवारी सकाळी दहाला प्लॅनिंग सुरू होतं आणि दुपारचे तीन वाजले तरी संपत नाही. स्टोरी, म्हणजे कामाचा एक तुकडा, उघडली की "म्हणजे नक्की काय करायचंय?" इथून सुरुवात. प्रॉडक्ट ओनर म्हणतात, "क्लायंटला विचारून सांगतो." शेवटी कंटाळून ती स्टोरी अंदाजाने आत घेतो आणि ती पुढच्या स्प्रिंटमध्ये सांडते. उपाय म्हणून मी १४ मुद्द्यांची डेफिनिशन ऑफ रेडी, म्हणजे स्टोरी स्प्रिंटमध्ये घ्यायला तयार आहे का ते तपासायची यादी, तयार केली. आता डेव्हलपर स्टोरी "रेडी नाही" म्हणून परत पाठवतात, प्रॉडक्ट ओनर चिडलेत, आणि प्लॅनिंग अजूनही तीनपर्यंत चालतंच. रिफाइनमेंट, म्हणजे येणाऱ्या स्टोऱ्या आधी समजून घेण्याची बैठक, आम्ही करतो, प्लॅनिंगच्या आधीच्या शुक्रवारी दुपारी एक तास. काय चुकतंय?

— एक स्क्रम मास्टर, बाणेर

उत्तर

तुमच्या पत्रातला कळीचा शब्द अगदी शेवटी आलाय: शुक्रवार. दुपारच्या मीटिंगमध्ये प्रश्न निघतो, प्रॉडक्ट ओनर संध्याकाळी क्लायंटला मेल टाकतात, मध्ये शनिवार-रविवार जातो आणि सोमवारी दहाला तुम्ही तोच प्रश्न पुन्हा विचारता. उत्तर कुठून येणार? त्याला यायला कामाचा एक दिवसही मिळालेला नाही. प्लॅनिंग अडकतं ते स्टोरी नीट लिहिलेली नसते म्हणून, असं सगळ्यांना वाटतं. माझ्या अनुभवात निम्म्या वेळा लिखाण ठीकच असतं. प्रश्न उशिरा विचारला जातो, एवढंच.

म्हणून १४ मुद्द्यांची यादी तूर्त बाजूला ठेवा आणि आधी एक काम करा. मागच्या तीन प्लॅनिंगमध्ये कोणते प्रश्न पडले ते आठवून कागदावर लिहा. प्रत्येकासमोर दोन गोष्टी मांडा: उत्तर कोणाकडे होतं आणि ते मिळायला किती दिवस लागले. मी हे एका टीमसोबत केलं तेव्हा चित्र लगेच स्वच्छ झालं. बरीच उत्तरं टीममध्येच कोणाच्या तरी डोक्यात होती, पाच मिनिटांत मिळण्यासारखी. पण चार-पाच प्रश्न असे होते, ज्यांची उत्तरं एकाच माणसाकडे, क्लायंटच्या लेखापरीक्षकाकडे होती. तो माणूस आठवड्यातून एकदा, गुरुवारी भेटायचा. सोमवारी पडलेल्या प्रश्नाचं उत्तर गुरुवारी येणार, हे त्या टीमचं वेळापत्रकच होतं. फक्त ते कोणी लिहून ठेवलेलं नव्हतं.

त्याच टीमची एक स्टोरी उलगडून दाखवतो, म्हणजे बाकीचं बोलणं हवेत राहणार नाही. काम होतं गृहनिर्माण सोसायट्यांच्या मेंटेनन्स बिलांच्या सॉफ्टवेअरचं. बॅकलॉगमध्ये, म्हणजे करायच्या कामांच्या यादीत, एक ओळ होती: "थकबाकीवर व्याज लावून बिलात दाखवावं." कोणालाही वाटेल, यात अस्पष्ट काय आहे? टीमने कामाच्या आकाराचा अंदाज द्यायला हात वर केले, १३ पॉइंट आले, सगळ्यांनी मान डोलावली. (सगळे एकाच आकड्यावर लगेच येतात तेव्हा मला जरा भीतीच वाटते. प्रत्येकाने मनात वेगळी स्टोरी धरलेली असू शकते.)

टेस्टर मुलीने एक साधा प्रश्न विचारला: "एक सभासद घ्या. ४,००० रुपयांचं बिल, १ एप्रिलचं. भरायची शेवटची तारीख २० एप्रिल. सभेने ठरवलेला दर वर्षाला १८ टक्के. त्याने काहीच भरलं नाही. ३० एप्रिलला व्याज किती?"

एक डेव्हलपर म्हणाला, ६० रुपये. महिन्याला दीड टक्का, महिना संपला, विषय संपला. दुसरा म्हणाला, नाही, २१ तारखेपासून दहा दिवस मोजायचे: ४,००० चे १८ टक्के भागिले ३६५ गुणिले १०, म्हणजे १९ रुपये ७३ पैसे. तिसऱ्याला वाटत होतं की व्याज बिलाच्या तारखेपासूनच चढतं. एका ओळीच्या स्टोरीची तीन वेगळी उत्तरं, आणि तिघांनी मिळून अंदाज मात्र एकच दिला होता.

मग तिने पुढचं विचारलं. सभासदाने १० मे रोजी २,००० रुपये भरले तर? तोपर्यंत २० दिवसांचं व्याज ३९ रुपये ४५ पैसे झालेलं. पैसे आधी व्याजात वळते करायचे की मुद्दलात? त्या दिवशी एकूण येणं दोन्हीकडे २,०३९ रुपये ४५ पैसेच दिसतं, म्हणून सगळ्यांना वाटलं, काय फरक पडतो? फरक दुसऱ्या दिवसापासून पडतो. आधी व्याज वळतं केलं तर मुद्दल २,०३९.४५ उरतं आणि पुढचं व्याज त्यावर चढतं. आधी मुद्दल फेडलं तर पुढचं व्याज फक्त २,००० वर. सोसायटीच्या आदर्श उपविधींत थकबाकीवरचं व्याज सरळव्याज असतं, नेमका दर सर्वसाधारण सभा ठरवते. पण वळतं करण्याचा क्रम टीमने मनाने ठरवायचा नव्हता. तो लेखापरीक्षकाला विचारायचा होता. म्हणजे गुरुवार.

रिफाइनमेंटचं खरं काम ते हे. स्टोरी वाचून दाखवणं नाही, पॉइंट टाकणंही नाही. एक ठोस उदाहरण घ्यायचं, आकडे घालायचे आणि उत्तरं वेगळी येतात का ते बघायचं. यालाच एक्झाम्पल मॅपिंग म्हणतात, मॅट वाइन यांनी मांडलेली पद्धत. पिवळ्या कार्डावर स्टोरी, निळ्यावर नियम, हिरव्यावर उदाहरणं आणि लाल कार्डावर न सुटलेले प्रश्न. एका स्टोरीला साधारण २५ मिनिटं. तेवढ्यात आटोपली नाही तर स्टोरी फार मोठी आहे किंवा अजून कच्ची आहे, असं समजायचं. रंगीत कार्डं नसली तरी बिघडत नाही, फळ्यावर चार रकाने पुरतात. वेळ संपताना लाल रकान्यात काय उरलंय, ते तेवढं महत्त्वाचं.

आमच्या व्याजाच्या स्टोरीत चार लाल कार्डं उरली. व्याज महिन्याने की दिवसाने. वळतं करण्याचा क्रम. समितीने व्याज माफ केलं तर नोंद कशी. आणि जुन्या वहीतून आणलेल्या थकबाकीचं काय, कारण त्यातल्या काही रकमांना देय तारीखच नव्हती. प्रत्येक कार्डावर एका माणसाचं नाव आणि एक तारीख लिहिली. "क्लायंटला विचारू" असं लिहिलेलं कार्ड कधीच सुटत नाही. "खजिनदारांना, बुधवारपर्यंत, प्रॉडक्ट ओनर विचारणार" असं लिहिलेलं सुटतं.

मग स्टोरी फोडली. पहिला तुकडा: पूर्ण थकलेल्या बिलावर दिवसागणिक व्याज. खजिनदारांनी बुधवारी दिवसाचा हिशेब कळवला आणि तो तुकडा तयार झाला, तीन पॉइंटचा. अर्धवट भरण्याचा तुकडा गुरुवारच्या उत्तरासाठी थांबला. व्याजमाफी तिसरा तुकडा, त्या महिन्यात कोणाला नकोच होती. जुन्या थकबाकीसाठी स्टोरी न करता एका दिवसाचा स्पाइक, म्हणजे फक्त शोध घ्यायचं काम, ठेवला. प्रश्न एकच: किती नोंदींना देय तारीख नाही? दिवस संपला की उत्तर, कोड नाही. सोमवारच्या प्लॅनिंगमध्ये पहिल्या तुकड्यावर पाच मिनिटंही लागली नाहीत. आधीची १३ पॉइंटची स्टोरी तशीच आत घेतली असती तर तीही त्या लेखापरीक्षकाच्या दारात जाऊन बसली असती.

आता तुमच्या वेळापत्रकाकडे येतो. शुक्रवारचा तो एक तास मोडून दोन तुकडे करा. पहिली बैठक स्प्रिंटच्या पहिल्या आठवड्यात बुधवारी, तासभर. तिथे पुढच्या स्प्रिंटसाठीच्या कच्च्या स्टोऱ्या येतील, उदाहरणं निघतील, लाल कार्डं तयार होतील. अंदाज नकोच. दुसरी बैठक दुसऱ्या आठवड्यात मंगळवारी, पाऊण तास. तिथे आलेली उत्तरं वाचायची, स्टोऱ्या फोडायच्या आणि पॉइंट टाकायचे. मधले तीन कामाचे दिवस उत्तरांसाठी, आणि मंगळवारनंतरचे तीन दिवस राहून गेलेल्या एखाद्या उत्तरासाठी. तुमच्या कागदावर सगळ्यात उशिरा मिळणारं उत्तर पाच दिवसांचं निघालं तर पहिली बैठक सोमवारी किंवा त्याहून आधी ओढा. वार मी सांगतोय म्हणून घेऊ नका, तुमच्या त्या उशिरा उत्तर देणाऱ्या माणसाकडे बघून ठरवा.

वेळ फार जातो अशी कुरकुर होईल. स्क्रमच्या अधिकृत मार्गदर्शिकेच्या, स्क्रम गाइडच्या, २०१७ च्या आवृत्तीत रिफाइनमेंटला टीमच्या क्षमतेच्या १० टक्क्यांपेक्षा जास्त वेळ सहसा लागत नाही, असं म्हटलं होतं. २०२० च्या आवृत्तीत तो आकडा काढून टाकलाय, पण अंदाजापुरता चांगला आहे. दोन आठवड्यांत माणशी एक दिवस झाला. माझ्या दोन बैठका मिळून पावणेदोन तास होतात. तुमचं प्लॅनिंग आज पाच तासांचं आहे. महिन्याच्या स्प्रिंटला प्लॅनिंगची कमाल मर्यादा आठ तास दिलेली आहे. त्या हिशेबाने दोन आठवड्यांना चार तास म्हणजेसुद्धा छताला टेकल्यासारखं. दोन तासांत ते आटोपायला हवं.

सगळ्या सात जणांना प्रत्येक स्टोरीसाठी बसवायचीही गरज नाही. बुधवारच्या आधी प्रॉडक्ट ओनर, एक डेव्हलपर आणि टेस्टर अशा तिघांनी वीस मिनिटं चहावर बोलून घेतलं तर ढोबळ प्रश्न आधीच निघतात. मात्र पॉइंट टाकायला आणि तुकडे पाडायला सगळे हवेत. आणि लांबच्या स्टोऱ्या घासत बसू नका. दीड ते दोन स्प्रिंट पुरतील एवढ्याच तयार ठेवा. तीन महिन्यांपूर्वी रिफाइन केलेली स्टोरी बघायला तयार दिसते, पण मधल्या काळात सभेने व्याजाचा दरच बदललेला असतो.

आता त्या १४ मुद्द्यांबद्दल. डेफिनिशन ऑफ रेडी स्क्रम गाइडमध्ये कुठेच नाही, तिथे आहे ती डेफिनिशन ऑफ डन, काम पूर्ण झालं असं कधी म्हणायचं त्याची. गाइड एवढंच म्हणतं की एका स्प्रिंटमध्ये टीम पूर्ण करू शकेल अशी आयटम निवडीसाठी तयार मानावी. म्हणजे रेडीची यादी तुमची तुम्ही ठेवायची, आणि ती वाटेल तेवढी लांब करायचा मोहही तिथेच होतो. तुमच्या यादीत "डिझाइन अंतिम", "सर्व अवलंबित्व सुटलेली", "एपीआयचा करार मंजूर" असं काहीतरी असणार, मी पैज लावतो. असे मुद्दे आले की यादीचा दरवाजा होतो. एका टोकाला प्रॉडक्ट ओनर सगळं काम आधी संपवणार, दुसऱ्या टोकाला डेव्हलपर दार उघडायचं की नाही ते ठरवणार. दोन आठवड्यांच्या स्प्रिंटच्या आत लपलेला हा जुना वॉटरफॉलच, एक टप्पा पूर्ण संपल्याशिवाय पुढचा नाही.

यादीत काय ठेवायचं आणि काय काढायचं, याला माझ्याकडे एकच कसोटी आहे. स्टोरीतल्या प्रत्येक उघड्या प्रश्नाला दोन गोष्टी विचारा. उत्तर टीमच्या आत आहे की बाहेर? आणि उत्तराने स्टोरीचा आकार बदलेल का? आत असेल तर प्रश्न उघडा ठेवून खुशाल स्प्रिंटमध्ये घ्या, मंगळवारी दोघं एका खुर्चीशी बसून सोडवतील. बाहेर असेल पण आकार बदलत नसेल, जसं बटणावरचा मजकूर, तरी घ्या. बाहेरही आहे आणि आकारही बदलेल, तेवढ्याच प्रश्नाने स्टोरी थांबवावी. वळतं करण्याचा क्रम तसा होता. पैसे व्याजाच्या पानावर कुठल्या रंगात दिसतील, हा नव्हता.

ही कसोटी लावली की १४ मुद्द्यांचे चार-पाच उरतात. आमच्या भिंतीवर शेवटी हे राहिलं होतं:

- हे कोणाला आणि कशासाठी हवंय, ते टीममधला कोणीही एका वाक्यात सांगू शकतो.
- आकड्यांसह किमान दोन उदाहरणं लिहिलेली आहेत, त्यातलं एक काहीतरी बिघडल्याचं.
- बाहेरून यायचं आणि आकार बदलू शकणारं एकही उत्तर बाकी नाही.
- एका स्प्रिंटच्या निम्म्यापेक्षा कमी वेळात होईल असं टीमला वाटतं.

चौथ्या ओळीतला "निम्मा" हा आमचा अनुभव, नियम नाही. स्प्रिंटभर पुरणारी स्टोरी घेतली की ती शेवटच्या शुक्रवारी टेस्टिंगला जाते, आणि मग तुम्हाला तो सांडण्याचा प्रकार दिसतो.

"रेडी" हा शिक्का कोणी मारायचा? प्रॉडक्ट ओनरने नाही, तुम्हीही नाही. ज्यांना काम करायचंय त्यांनी. पण एक अट घाला, माझ्या मते तुमचं भांडण मिटेल ते याच अटीने: कोणता प्रश्न अडवतोय ते सांगितल्याशिवाय "रेडी नाही" म्हणायचं नाही. तुमचे डेव्हलपर आज नुसता शेरा मारून स्टोरी परत पाठवतात. प्रॉडक्ट ओनरच्या हाती उरतो तो १४ मुद्द्यांचा फॉर्म, त्यात काय भरायचं ते त्यांना कळत नाही, मग ते काहीतरी भरतात. "रेडी नाही, कारण अर्धवट पैसे आले तर क्रम कळलेला नाही" असं ऐकलं तर ते फोन उचलतील. प्रॉडक्ट ओनर चिडतात ते कामाने नाही. कशावर काम करायचं हे न कळल्याने चिडतात.

अपवादही ठरवून टाका, नाहीतर पहिल्याच आठवड्यात यादीचा पचका होईल. चालू सिस्टीम पडली, बिलंच निघत नाहीत, तर कोणी उदाहरणं लिहीत बसणार नाही. अर्ध्या दिवसाचं किरकोळ कामही यादीतून सोडा.

रिफाइनमेंट बिघडायला लागलं की दोन खुणा लवकर दिसतात. एक, प्रॉडक्ट ओनर स्क्रीन शेअर करून वाचत असतात आणि बाकी सगळे म्यूटवर असतात. अशा वेळी मी गप्प बसलेल्या एकाला म्हणतो, "ही स्टोरी तुझ्या शब्दांत सांग बघू." तो अडखळला की लाल कार्ड तिथेच सापडतं. दोन, पहिल्याच स्टोरीवर पन्नास मिनिटं जातात आणि उरलेल्या पाच स्टोऱ्या दहा मिनिटांत "ठीक आहे, ठीक आहे" म्हणून निघून जातात. त्या पाच जणी सोमवारी तुमची वाट बघत असतील. यावर घड्याळ लावा. २५ मिनिटं झाली की प्रश्न लिहून पुढची स्टोरी.

तरीही येत्या सोमवारी कच्ची स्टोरी येणारच, कारण नवीन वेळापत्रक एका स्प्रिंटनंतरच फळ देईल. तेव्हा तिला दहा मिनिटं द्या. सुटली नाही तर दोनच वाटा ठेवा. तिच्यातला उत्तर माहीत असलेला तुकडा कापून आत घ्या, नाहीतर अख्खी बाहेर ठेवून खालची तयार स्टोरी वर ओढा. अंदाजाने आत घ्यायची तिसरी वाट बंद. स्प्रिंट गोल त्याच स्टोरीवर उभा असेल तर प्रॉडक्ट ओनरनी त्याच खोलीतून, सगळ्यांसमोर, क्लायंटला फोन लावावा. उत्तर आलं तर उत्तम. नाही आलं तर गोल बदलावा, ते अवघड वाटलं तरी.

आणि प्लॅनिंग संपल्यावर एक आकडा फळ्याच्या कोपऱ्यात लिहून ठेवा: आज पहिल्यांदाच विचारले गेलेले, बाहेरून उत्तर लागणारे प्रश्न किती. वेळ मोजू नका, लोक घाईने संपवून तो कमी दाखवतात. हा आकडा तीन-चार स्प्रिंटमध्ये खाली आला नाही तर बुधवारची बैठक अजून आधी घ्या, किंवा त्या लेखापरीक्षकासारख्या माणसाला महिन्यातून एकदा अर्धा तास त्या बैठकीतच बोलवा. आमचा लेखापरीक्षक दुसऱ्याच खेपेला स्वतःहून उदाहरणं घेऊन आला होता, वहीच्या मागच्या पानावर पेन्सिलने लिहिलेली.